फ्यूम हूडसाठी प्रिन्सिपल सरांना लिहिलेला तिसरा मेल

आमच्या शाळेच्या केमिस्ट्री लॅबमधे फ्यूम हूड, म्हणजे प्रयोगातले घातक गॅस ओढून इमारतीबाहेर टाकणारं काचेचं कपाट, नव्हता, आणि तो मागण्यासाठी मी प्रिन्सिपल सरांना एकूण तीन मेल लिहिले. पहिल्या दोनचं काहीच झालं नाही, तिसऱ्यावर काम झालं. तिसऱ्यात मी वेगळं काय लिहिलं ते सविस्तर सांगते, कारण बऱ्याच केमिस्ट्रीवाल्या शिक्षकांना हा मेल कधी ना कधी लिहावा लागतो आणि धोका नक्की कसा मांडायचा तिथे गाडी अडते.

सुरुवात एका प्रॅक्टिकलपासून झाली. तांब्यावर कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिक अ‍ॅसिड, सगळ्यांना माहीत असलेली रिअ‍ॅक्शन, अ‍ॅसिड हिरवंनिळं होतं आणि वर तपकिरी धूर येतो. दहा ग्रुप होते, प्रत्येकाला मी अर्धा ग्रॅम कॉपर टर्निंग्ज दिल्या होत्या. खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट फॅन चालू, सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल. पाचेक मिनिटांत फॅनखालच्या टेबलावरची एक मुलगी खोकायला लागली, तिला दम्याचा त्रास आहे हे मला माहीत होतं, मी तिला लगेच बाहेर नेलं, बाकीच्यांनाही बाहेर काढलं आणि प्रॅक्टिकल बंद केलं. अर्ध्या तासात ती एकदम नॉर्मल दिसायला लागली, म्हणाली मॅडम मी ठीक आहे, वर्गात जाऊ का. मी जाऊ दिलं नाही. तिच्या घरी फोन करून सांगितलं की आज रात्रभर आणि उद्याही लक्ष ठेवा, धाप लागली किंवा खोकला वाढला तर थांबू नका, सरळ दवाखान्यात न्या आणि नायट्रोजन डायऑक्साइड नाकात गेलाय असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तिला पुढे काही झालं नाही, पण ती रात्र मी झोपले नाही.

का झोपले नाही ते सांगते, कारण पुढे मेलमधला पहिला मुद्दा हाच झाला. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची वाफ किंवा अमोनिया पाण्यात चटकन विरघळतात, त्यामुळे नाक, डोळे, घसा इथल्या ओलाव्यातच विरघळून लगेच झोंबतात आणि माणूस आपोआप मागे सरकतो. नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात तितका पटकन विरघळत नाही, तो वरच्या वर न थांबता फुप्फुसात खोलवर जातो आणि तिथे जाऊन अ‍ॅसिड बनतो. सुरुवातीला थोडा खोकला, थोडी जळजळ, मग बरं वाटतं, आणि जास्त गॅस गेला असेल तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा, फुप्फुसात पाणी भरायला लागतं. म्हणजे मूल बरं दिसतंय यावरून काहीच ठरवता येत नाही.

त्याच संध्याकाळी मी पहिला मेल लिहिला. मनापासून लिहिला होता पण आता वाचला की कळतं तो का फसला. लॅब असुरक्षित आहे, मुलांच्या जिवाला धोका आहे, तातडीने फ्यूम हूड बसवावा, असं सगळं. उत्तर आलं की नोंद घेतली आहे, बजेटच्या वेळी बघू. एका महिन्याने दुसरा लिहिला, त्यात उलट चूक केली, लॅबमधल्या तेवीस केमिकल्सची यादी काढली आणि प्रत्येकासमोर बाटलीवरच्या धोक्याच्या सूचना उतरवून काढल्या. त्यात असिटिक अ‍ॅसिडही होतं आणि कॉपर सल्फेटही. कॉपर सल्फेटच्या द्रावणाला फ्यूम हूडची काहीही गरज नसते, त्यातून गॅसच निघत नाही! आमच्या फिजिक्सच्या सरांना मी तो मेल दाखवला तर ते म्हणाले, यातलं कुठलं खरंच हूडशिवाय होत नाही तेवढंच ठेवा, बाकीचं वाचून सरांना वाटेल सगळंच सारखं धोक्याचं आहे आणि सगळंच इतकी वर्षं चाललंय तर पुढेही चालेल. बरोबर होतं त्यांचं.

मग मी वर्षभराच्या प्रॅक्टिकल्सची वही घेऊन बसले आणि प्रत्येक प्रयोगाला ओळीने तेच प्रश्न विचारले: हा काढून टाकता येतो का, दुसऱ्या प्रयोगाने तेच शिकवता येतं का, कमी मात्रेत होतो का. जे या तिन्हींतून उरेल तेच मेलमधे. हे काम दोन रविवार चाललं, पण सगळ्यात उपयोगी तेच ठरलं. क्रोमिल क्लोराइड टेस्ट मी सरळ काढून टाकली, त्यात लाल वाफ येते ती सहा व्हॅलन्सीच्या क्रोमियमची असते आणि ते क्रोमियम कॅन्सर करणारं आहे, शिवाय क्लोराइड ओळखायला सिल्व्हर नायट्रेटची टेस्ट पुरते. लेड नायट्रेट तापवणं काढलं, त्यात तोच तपकिरी गॅस आणि वर शिसं. बऱ्याच गोष्टी अशा गळल्या. शेवटी तीन उरल्या.

पहिली अर्थातच तांबं आणि नायट्रिक. इथे मी शब्दांऐवजी हिशोब दिला, कारण आमचे प्रिन्सिपल सर मूळ गणिताचे शिक्षक. मेलमधला तो भाग जसाच्या तसा देते:

"सर, रिअ‍ॅक्शन अशी आहे:

Cu + 4HNO₃ → Cu(NO₃)₂ + 2NO₂ + 2H₂O

एका ग्रुपला ०.५ ग्रॅम तांबं, म्हणजे ०.५ भागिले ६३.५, साधारण ०.००७९ मोल. एका मोल तांब्यापासून दोन मोल गॅस, म्हणजे ०.०१५७ मोल. खोलीच्या तापमानाला एक मोल गॅस साधारण २४.५ लिटर जागा घेतो, म्हणून एका ग्रुपचा गॅस जवळपास ०.३८५ लिटर. आपली लॅब १० मीटर लांब, ८ रुंद, ३ उंच, म्हणजे २४० घनमीटर, २ लाख ४० हजार लिटर हवा. एका ग्रुपचा गॅस सगळ्या खोलीत सारखा पसरला तरी १.६ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १.६ भाग होतो. दहा ग्रुपचा १६ पीपीएम. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार आरोग्य संस्थेची १५ मिनिटांसाठीची मर्यादा १ पीपीएम आहे, आणि १३ पीपीएमला त्या संस्थेने जीव आणि तब्येतीला तात्काळ धोका असलेली पातळी म्हटलं आहे. त्या दिवशी आपण दहा ग्रुपना हा प्रयोग दिला होता."

त्याखाली मी हिशोबाच्या मर्यादाही लिहिल्या. थोडा गॅस अ‍ॅसिडमधेच विरघळून राहतो, खिडक्यांतून काही बाहेर जातो, म्हणून खोलीची सरासरी १६ पेक्षा कमी असू शकते. पण गॅस खोलीभर सारखा पसरत नसतो, टेस्ट ट्यूबच्या तोंडाशी आणि त्यावर वाकलेल्या मुलाच्या नाकाशी तो सरासरीच्या कितीतरी पट जास्त असतो. दोन्ही बाजू लिहिल्यामुळे नंतर मीटिंगमधे सरांना माझ्या आकड्यात खोट काढायला जागाच राहिली नाही, जी खोट होती ती मीच आधी सांगितलेली होती.

आणि हेही लिहिलं की मात्रा मी आधीच दहा पट कमी केली आहे, ०.०५ ग्रॅमवर आणली आहे. पण दहा ग्रुप मिळून तेव्हाही १.६ पीपीएम, म्हणजे मर्यादेच्या वरच. म्हणून आता फक्त मी एकटी, एकदाच, डेमो म्हणून करते आणि मुलं लांबून बघतात, हूड येईपर्यंत मुलांच्या हातात हा प्रयोग जाणार नाही. ही ओळ मला फार महत्त्वाची वाटते. आपणच धोका आहे म्हणतो आणि आपणच तो प्रयोग चालू ठेवतो तर समोरच्याने आपलं म्हणणं खरं का मानावं?

दुसरी गोष्ट हायड्रोजन सल्फाइड. सॉल्ट अ‍ॅनालिसिसमधे काही धातू ओळखायला हा गॅस लागतो, किप्सच्या उपकरणात आयर्न सल्फाइडवर डायल्यूट अ‍ॅसिड टाकून तो बनवतात. सडक्या अंड्यासारखा वास सगळ्यांना माहीत असतो, आणि घोटाळाही त्या वासामुळेच होतो. एक पीपीएमच्या आतसुद्धा नाकाला तो कळतो, त्यामुळे आपल्याला वाटतं नाकच आपलं अलार्म आहे. पण गॅस वाढत जाऊन १०० पीपीएमच्या आसपास पोचला की काही मिनिटांत वास घेणाऱ्या नसा बधिर होतात आणि वास येणं बंद होतं. नायॉशची तात्काळ धोक्याची पातळीही १०० पीपीएमच आहे. म्हणजे नेमका जिथे पळायला हवं तिथे नाक सांगतं की गॅस गेला. कमी पातळीलाही बराच वेळ त्यात बसलं की वासाची सवय होते. मेलमधे मी एवढंच लिहिलं होतं: "सर, आता वास येत नाही असं कुणी मूल म्हणालं तर हवा साफ झाली की नाक बंद पडलं, हे मला सांगता येणार नाही." याला पर्याय म्हणून काही ठिकाणी थायोअसिटामाइड वापरतात, त्यात गॅस द्रावणातच हळूहळू तयार होतो, पण तो तयार होतोच आणि थायोअसिटामाइड स्वतः कॅन्सरच्या संशयित पदार्थांत मोडतं, तेव्हा तेही हूडमधेच करायला हवं.

तिसरी गोष्ट मला स्वतःला उशिरा दिसली. पहिल्या दोन मेलमधे सगळा जोर मुलांवर होता. मग एका सकाळी मी लवकर गेले तर आमचे लॅब असिस्टंट दादा मागच्या छोट्या खोलीत दिवसभराची अ‍ॅसिड्स डायल्यूट करत होते. कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिकच्या बाटलीचं झाकण उघडलं की पांढरी वाफ वर येते, ते मान एका बाजूला वळवून, श्वास रोखून ओतत होते, मग दाराशी येऊन श्वास घेऊन परत जात होते. शेजारच्याच फळीवर अमोनियाची बाटली, आणि त्या दोन बाटल्यांच्या मधे पांढरा धुरकट थर बसलेला, काच, फळी, भिंत सगळीकडे. तो अमोनियम क्लोराइड, दोन्हीच्या वाफा हवेत भेटून झालेला. बाटल्या बंद असतानाही वाफा बाहेर पडत असतात याचा एवढा सरळ पुरावा दुसरा नाही. मुलं लॅबमधे आठवड्यातून एकदा येतात, दादा रोज असतात, वर्षानुवर्षं. मी विचारलं खोकला वगैरे होतो का, तर म्हणाले सकाळी होतो, सवय झाली. मी त्या फळीचा फोटो काढून मेलला जोडला आणि लिहिलं की हे काम बंद करता येत नाही, टाळता येत नाही, कारण कुठलाही प्रयोग केला तरी द्रावणं कुणीतरी बनवणारच आहे. बाटल्या मात्र त्याच दिवशी वेगळ्या केल्या, त्याला हूडची वाट बघायची गरज नव्हती.

मागणीचा भाग दोन परिच्छेदांत संपवला. एक हूड, १.२ मीटर रुंद, वर डक्टने गच्चीवर सोडलेला, पुढची काच ४५ सेंटीमीटर उघडी असताना आत जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, आणि बसवल्यावर तो वेग आमच्यासमोर मोजून दाखवायचा.

चौथ्या दिवशी सरांनी बोलावलं. टेबलावर मेलची प्रिंट होती आणि हिशोबाच्या शेजारी पेन्सिलने त्यांनी तो परत केलेला दिसत होता. म्हणाले, आकडा बरोबर आहे. मग प्रश्न सुरू झाले, आणि ते रास्त होते.

पहिला, एक्झॉस्ट फॅन मोठा लावला तर? मी म्हटलं सर, फॅन वर भिंतीत आहे आणि गॅस टेबलावर तयार होतो, तिथून फॅनपर्यंत जायची वाट मुलांच्या तोंडासमोरूनच जाते, ती मुलगी नेमकी फॅनखालीच बसली होती. हूडमधे उलटं असतं, खोलीतली हवा माणसाच्या पाठीकडून काचेच्या आत जाते आणि गॅस माणसापासून लांब, मागच्या फटीतून वर खेचला जातो. मास्कचंही विचारलं, तर साधा धुळीचा मास्क कण अडवतो, गॅस अडवत नाही.

दुसरा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. बायोलॉजीच्या लॅबमधे काचेचं कपाट आहे ना, फॅनवालं, तेच तुम्हाला चालणार नाही का? ते लॅमिनार फ्लो कॅबिनेट. बाहेरून बघितलं तर खरंच फ्यूम हूडसारखं दिसतं, त्यामुळे हा गैरसमज सगळीकडे होतो, पण ते काम अगदी उलटं करतं. त्यात हवा फिल्टर होऊन आतल्या वस्तूवरून बाहेर, म्हणजे बसलेल्या माणसाच्या तोंडावर येते, कारण तिथे आतलं कल्चर जंतूंपासून वाचवायचं असतं. आणि त्याचा फिल्टर कण अडवतो, गॅस सरळ पार होतो. तिथे नायट्रिक उघडलं तर वाफ पंख्याने नाकात सोडल्यासारखं होईल. मी सरांना तिथे घेऊन गेले, कॅबिनेट चालू केलं आणि टिश्यूची एक पट्टी समोर धरली. पट्टी आमच्याकडे फडफडली. पुढे काही बोलावं लागलं नाही.

तिसरा, डक्टशिवायचे हूड मिळतात, कार्बन फिल्टरवाले, भिंत फोडायला नको. याचं उत्तर मी जरा सावकाश दिलं कारण असे हूड वाईटच असतात असं नाही. जिथे एकच ठरलेलं केमिकल वापरतात आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलतात तिथे ते चालतात. पण अ‍ॅसिड गॅसला एक फिल्टर लागतो, अमोनियाला दुसरा, आणि फिल्टर भरला हे बाहेरून दिसत नाही, भरल्यानंतर तोच गॅस परत खोलीत येतो. आमच्याकडे दर आठवड्याला गॅस वेगळा. फिल्टर कधी बदलायचा याची नोंद मी असेपर्यंत मी ठेवीन, माझ्यानंतर कोण ठेवेल? सरांनी डक्टवाल्यावर खूण केली.

मंजुरी, कोटेशन वगैरेला बराच वेळ गेला, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. बसवताना दोन गोष्टींवर मी अडून बसले. फॅन गच्चीवर, डक्टच्या शेवटच्या टोकाला हवा. फॅन खाली ठेवला की त्याच्या पुढचा सगळा डक्ट दाबाखाली येतो आणि कुठे जोड सैल झाला तर गॅस इमारतीत गळतो. फॅन टोकाला असला की डक्टभर ओढ राहते, फट पडली तरी बाहेरची हवा आत जाते. आणि डक्ट अ‍ॅसिडला टिकणाऱ्या प्लास्टिकचा, साध्या पत्र्याचा नको.

मग मोजायचा दिवस. बसवणाऱ्यांनी अ‍ॅनिमोमीटर आणला, काचेच्या उघड्या भागाचे नऊ चौकोन कल्पून प्रत्येकात वेग मोजला, सरासरी अर्ध्या मीटरच्या जवळ आली, सगळे खूश. मी म्हटलं आता खिडक्या आणि दार बंद करून परत मोजा, कारण थंडीत, पावसात आम्ही ते बंदच ठेवतो. वेग ०.३ च्याही खाली आला आणि दार उघडायला जोर लागायला लागला. कारण हिशोबाने सरळ आहे, १.२ मीटर गुणिले ०.४५ मीटर गुणिले अर्धा मीटर प्रति सेकंद, म्हणजे तासाला जवळपास ९७० घनमीटर हवा हूड बाहेर टाकतो, खोलीतली सगळी हवा तासाला चार वेळा. तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी, नाहीतर फॅन नुसता ओढत बसतो. माझ्या मेलमधे ही बाब लिहायची राहिली होती, ती माझी चूक, कुणी असा मेल लिहिणार असेल तर आत येणाऱ्या हवेची वाट पहिल्यापासून मागा. शेवटी हूडच्या समोरच्या भिंतीत खाली जाळी बसवली आणि वेग परत जागेवर आला.

दुसरी अडचण धुराच्या टेस्टमधे कळली. स्मोक ट्यूबमधून हूडमधे पांढरा धूर सोडला तर तो छान मागे जात होता, पण छताचा पंखा चालू केल्याबरोबर काचेच्या कडेने धुराचा एक पदर बाहेर वळला आणि माझ्या हातावरून गेला. अ‍ॅनिमोमीटरवर आकडा तोच, ठीकच दिसत होता, धुराने मात्र खरं सांगितलं. तो पंखा आता हूड चालू असताना बंद असतो, त्याच्या बटणावर चिठ्ठी आहे. आत १५ सेंटीमीटरवर लाल पट्टी मारली आहे, काम तिच्या मागेच करायचं, आणि हूडमधे बाटल्या साठवायच्या नाहीत कारण मागच्या फटी अडल्या की सगळं ओढणं बिघडतं. काचेच्या खालच्या कडेला टिश्यूची एक पट्टी चिकटवलेली असते, ती आत झुकलेली नसेल तर त्या दिवशी हूड वापरायचा नाही.

सगळ्यात आधी तो दादांनी वापरला, सकाळची हायड्रोक्लोरिकची बाटली तिथे उघडून. मी शेजारी उभी होते. त्यांनी सवयीने मान वळवली, श्वास रोखला, मग वाफ मागे जाताना बघितली आणि हळूच श्वास सोडला. त्याच आठवड्यात मुलांना एकेक ग्रुप करून तांबं आणि नायट्रिक दिलं. ती खोकणारी मुलगी तिच्या घरी विचारून आली होती. काचेपलीकडे तपकिरी धूर टेस्ट ट्यूबमधून निघून मागे वाकत होता आणि फटीत शिरत होता, तिने खाली वाकून तो शेवटपर्यंत बघितला आणि वहीत लिहिलं, गॅस तपकिरी, हवेपेक्षा जड, ट्यूबच्या काठावरून खाली उतरतो.